बर्फ सुटलेलं चिकन परत फ्रीझरमध्ये ठेवावं का?

इफ्तार उरकला होता. घरातले पुरुष तरावीहच्या नमाजला गेले होते आणि आम्ही दोघी जावा स्वयंपाकघर आवरत होतो. भाभींनी ओट्याच्या कोपऱ्यातली परात पुढे ओढली तेव्हा लक्षात आलं, की दुपारी शोरब्यासाठी म्हणून फ्रीझरमधून काढलेल्या तीन किलोच्या पिशवीतलं जेमतेम किलोभर चिकन वापरलं गेलं होतं. उरलेलं दोन किलो तसंच पडून होतं. दुपारी दगडासारखं असलेलं आता मऊ झालं होतं आणि पिशवीच्या तळाशी गुलाबी पाणी साठलं होतं.

"परत फ्रीझरमध्ये टाकते. थंडीत काय जगतंय?" भाभी म्हणाल्या.

आतल्या खोलीतून अम्मींचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा आवाज आला. "एकदा बर्फ सुटला की परत बर्फात ठेवायचं नाही. जहर होतं त्याचं."

रमजानमध्ये हा प्रसंग आमच्याच घरी घडतो असं नाही. दिवसभर रोजा, संध्याकाळी घाई, त्यात रोज बाजारात जायला वेळ नाही, म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच तीन-चार किलो चिकन एकदम आणून ठेवलं जातं. आमच्या शेजारच्या वहिनींकडे रमजान नसतो, पण रविवारचं उरलेलं चिकन असतं. गटारीला किंवा पाहुणे यायचे असले की त्यांच्यापुढेही हाच प्रश्न येतो. फेकायला जीव होत नाही. अन्नाची नासाडी, ज्याला आमच्याकडे इसराफ म्हणतात, ती या महिन्यात जास्तच टोचते. आणि खायला घालावं, तर त्याच घरात उपाशी पोटी बसलेली म्हातारी माणसं, गरोदर सून आणि लहान मुलं असतात. शिवाय इफ्तारचं ताट शेजारीही जातं.

भाभी आणि अम्मी, दोघींच्याही म्हणण्यात अर्धं खरं आहे. घोळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे. पहिला प्रश्न असा, की परत गोठवलेलं चिकन चवीला आणि पोताला कसं राहील. दुसरा असा, की ते खाऊन कुणी आजारी पडेल का. पहिल्याचं उत्तर चिकन किती वेळा आणि किती सावकाश गोठलं यावर अवलंबून असतं. दुसऱ्याचं उत्तर मधल्या वेळात ते किती गरम झालं आणि किती वेळ तसं राहिलं यावर ठरतं. ही दोन उत्तरं पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात.

आधी सुरक्षिततेचं पाहू.

कच्च्या चिकनवर जंतू असतात. दुकान स्वच्छ असलं, समोर कापून घेतलेलं असलं, तरी असतात. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर ही त्यातली आजारी पाडणारी दोन ओळखीची नावं. ते कोंबडीच्या आतड्यात राहतात आणि साफ करताना मांसाला लागतात. चिकन आत शिजेपर्यंत, म्हणजे सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान पोहोचेपर्यंत शिजवलं, की ते मरतात. म्हणून एरवी आपल्याला काही होत नाही.

फ्रीझरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशाला, हे जंतू वाढत नाहीत. पण सगळे मरतही नाहीत. काही मरतात, बाकीचे झोपून राहतात. भाभींचं चुकतं ते इथे. थंडी जंतूंना थांबवते, धुऊन काढत नाही. बर्फ सुटला आणि पुरेशी ऊब मिळाली, की झोपलेले जागे होतात आणि जिथे थांबले होते तिथून पुढे वाढू लागतात. म्हणून फ्रीझर हे घड्याळ थांबवण्याचं यंत्र समजावं. थांबलेलं घड्याळ शून्यावर येत नाही.

आता आमच्या परातीतल्या पिशवीचा हिशेब मांडून पाहा. ती दुपारी साडेबारा वाजता ओट्यावर आली आणि संध्याकाळी साडेसात वाजता आमच्या नजरेस पडली. म्हणजे सात तास. स्वयंपाकघरात दुपारी ३५ अंशांच्या आसपास गरमी होती. गोळा बाहेरून आत वितळतो, त्यामुळे मधोमध बर्फ असतानाच वरचे तुकडे खोलीइतके कोमट झालेले असतात. जंतू बहुतांशी वरच्या भागावर असतात, म्हणजे नेमके गरम जागी. सुरुवातीचे दोन तास बर्फ सुटण्यात गेले असं धरून सोडून देऊ. राहिले पाच तास. अशा उबेत साल्मोनेलासारखा जंतू साधारण अर्ध्या तासाला दुप्पट होऊ शकतो. पाच तासांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे हजाराहून जास्त. एका तुकड्यावर सुरुवातीला हजार जंतू असतील, तर संध्याकाळी दहा लाखांच्या घरात. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्येक पिशवीत आकडा नेमका तोच येईल असं नाही. पण वाढ कोणत्या वेगाने चढते ते त्यातून कळतं.

ही पिशवी भाभींनी तशीच फ्रीझरमध्ये टाकली असती तर काय झालं असतं? दहा लाख जंतू दहा लाखच गोठले असते. त्यातही दोन किलोचा कोमट गोळा घरच्या फ्रीझरमध्ये मध्यापर्यंत गोठायला कित्येक तास घेतो. तोपर्यंत आतला भाग कोमटच राहतो आणि शेजारी ठेवलेल्या वस्तूंनाही ऊब देतो. मग चार दिवसांनी ती पिशवी पुन्हा ओट्यावर आली असती, आणि घड्याळ दहा लाखांपासून पुढे सुरू झालं असतं.

"पण शेवटी शिजवणारच आहोत ना, मग मरतील की," हा भाभींचा पुढचा प्रश्न होता, आणि तो रास्त आहे. नीट शिजवलं तर साल्मोनेला मरतो, हे खरं. पण दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे काही जंतू उबेत वाढताना विष तयार करतात. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू आपल्याच हाताच्या त्वचेवर आणि नाकात असतो. चिकन हाताळताना तो त्यात जातो, आणि त्याचं विष उकळल्यानेही पूर्ण जात नाही. जंतू मेला तरी विष मागे राहतं. दुसरी गोष्ट, चिकन शिजण्याआधीच ते दहा लाख जंतू पाटावर, सुरीवर, बेसिनमध्ये आणि हाताला लागलेले असतात. तिथून ते न शिजवता खायच्या वस्तूंवर जातात. रमजानच्या संध्याकाळी अशी वस्तू ओट्यावर हमखास असते, ती म्हणजे कापलेली फळं.

म्हणून नियम साधा आहे. कच्चं चिकन फ्रीजच्या बाहेर दोन तासांहून जास्त राहिलं असेल, तर ते परत गोठवायचं नाही. खोलीत ३२ अंशांहून जास्त गरमी असेल, तर ही मुदत एकच तास. मार्च-एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी बहुतेक स्वयंपाकघरांत एक तासाचाच नियम लागू पडतो. आमच्या पिशवीचे सात तास झाले होते. तिचा निकाल लागला होता.

इथवर अम्मींचं म्हणणं बरोबर ठरलं. पण ते सरसकट बरोबर नाही.

समजा, तीच पिशवी भाभींनी आदल्या रात्री खोलगट भांड्यात ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली असती. फ्रीजमध्ये तापमान ४ ते ५ अंश असतं. बर्फ तिथेही सुटतो, फक्त सावकाश. तीन किलोच्या गोळ्याला चोवीस तासांहून जास्त लागतात. पण या सगळ्या वेळात चिकनचा कुठलाही भाग फ्रीजपेक्षा गरम होत नाही. साल्मोनेला ४ अंशाला जवळजवळ वाढत नाही. कॅम्पिलोबॅक्टरला तर वाढायला ३० अंशांच्या वरची ऊब लागते. म्हणजे बर्फ सुटला, पण घड्याळ जवळपास थांबलेलंच राहिलं. अशा पिशवीतून किलोभर काढून घेतलं आणि उरलेलं परत फ्रीझरमध्ये टाकलं, तर आजारी पाडण्याच्या दृष्टीने फारसं काही बदलत नाही. बर्फ सुटल्यानंतर एक ते दोन दिवसांच्या आत ते परत गोठवावं किंवा शिजवावं, एवढीच अट.

या बाबतीत दोन देशांचे सरकारी सल्ले वेगळे आहेत, हे ऐकून आमच्या घरी दोघीही खूश झाल्या. अमेरिकेचं कृषी खातं सांगतं, की फ्रीजमध्ये बर्फ सुटलेलं कच्चं चिकन न शिजवता परत गोठवलं तरी चालतं, फक्त त्याचा दर्जा थोडा उतरतो. ब्रिटनमधला सल्ला सांगतो, की बर्फ सुटलेलं कच्चं मांस परत गोठवूच नका, शिजवा आणि मग हवं तर गोठवा. शास्त्र दोन्हीकडे एकच आहे. अमेरिकेचा नियम अटीसह येतो, आणि ती अट पाळली गेली का हे ज्याचं त्याला माहीत असावं लागतं. ब्रिटनचा नियम लक्षात ठेवायला सोपा, कारण त्यात बर्फ कुठे सुटला हे आठवावंच लागत नाही. अम्मींचा नियम हा ब्रिटनचा नियम आहे. ज्या घरात चार माणसं फ्रीज उघडतात आणि पिशवी कुणी कधी बाहेर काढली हे कुणालाच ठाऊक नसतं, त्या घरासाठी तो उत्तमच आहे.

बर्फ सोडवण्याचा तिसरा मार्ग पाण्याचा. पिशवी घट्ट बांधून थंड पाण्यात बुडवायची आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. अर्धा किलोचा बर्फ तासाभरात सुटतो. मायक्रोवेव्हमध्ये त्याहून लवकर. हे दोन्ही मार्ग चालतात, पण त्यात चिकनचा काही भाग उबदार झालेला असतो, मायक्रोवेव्हमध्ये तर कडा शिजायलाही लागतात. म्हणून असं चिकन लगेच शिजवायचं, कच्चं परत गोठवायचं नाही. शिजवल्यावर मात्र ते गोठवता येतं. ही वाट पुष्कळांना माहीत नसते. कच्चं दोन किलो उरलं आणि बाहेर ठेवून मुदत अजून संपलेली नाही, तर कांदा, आलं-लसूण आणि मीठ घालून सगळंच शिजवून टाकावं. पसरट भांड्यात काढून निववावं आणि दोन तासांच्या आत डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावं. शिजवताना घड्याळावरचा मागचा हिशेब बहुतांश पुसला जातो. त्या संध्याकाळी भाभींना दुपारी दीडच्या आत आठवण झाली असती, तर दोन किलो वाचलं असतं.

आता चवीचं.

चिकनमध्ये साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. ते मांसाच्या तंतूंमध्ये धरून ठेवलेलं असतं. चिकन गोठतं तेव्हा या पाण्याचे स्फटिक होतात. कारखान्यात उणे ३० किंवा त्याहून थंड वाऱ्याच्या झोतात चिकन भराभर गोठवतात, म्हणून स्फटिक बारीक राहतात. घरच्या फ्रीझरमध्ये तीन किलोचा गोळा हळूहळू गोठतो आणि स्फटिकांना मोठं व्हायला सवड मिळते. हे मोठे स्फटिक तंतूंची आवरणं फाडतात. बर्फ सुटला की फाटलेल्या जागांतून पाणी बाहेर येतं. पिशवीच्या तळाचं गुलाबी पाणी ते हेच. लोक त्याला रक्त समजतात, पण ते मांसातलं पाणी असतं. त्याचा रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्यात थोडी विरघळलेली प्रथिनं व चवही असते.

परत गोठवलं की हाच प्रकार दुसऱ्यांदा होतो. आधीच फाटलेल्या तंतूंत नवे स्फटिक तयार होतात, आणखी आवरणं फाटतात, आणखी पाणी जातं. गोठण्याने प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ताकदही कमी होते. त्यामुळे शिजवताना उरलेलं पाणीही लवकर निघतं. मग तुकडा आकसतो, कोरडा आणि चिवट लागतो. छातीच्या भागात चरबी कमी म्हणून तिथे हे जास्त जाणवतं, तंगडीत कमी. दुसरी गोष्ट म्हणजे चरबी हवेशी संयोग पावून खवट होऊ लागते, आणि प्रत्येक वेळी पिशवी उघडल्याने तिला नवी हवा मिळते. तिसरी गोष्ट म्हणजे तुकड्यांवरचे पांढरट, कोरडे चट्टे. पिशवीत हवा राहिली की वरच्या भागातला बर्फ थेट वाफ होऊन उडून जातो आणि मांस वाळतं. तो भाग कापून टाकला तर चालतं. चव नसते, अपाय नसतो.

दर्जा आणि सुरक्षितता यांची गफलत नेमकी इथेच होते. पांढरे चट्टे, सुटलेलं पाणी, कोरडेपणा हे सगळं डोळ्यांना वाईट दिसतं, म्हणून लोक घाबरून चांगलं चिकन फेकतात. आणि सात तास ओट्यावर राहिलेलं चिकन रंगाने गुलाबी, वासाला ठीक, हाताला ताजं लागतं, म्हणून बिनधास्त शिजवतात. वास आणि बुळबुळीतपणा आणणारे जंतू वेगळे, आजारी पाडणारे वेगळे. फ्रीजमध्ये चार दिवस राहिलेल्या चिकनला वास येतो, कारण नासवणारे काही जंतू थंडीतही वाढतात. साल्मोनेला मात्र वास न देता लाखांच्या घरात पोहोचू शकतो. म्हणून वास आला तर फेकावं, हे खरं. पण वास आला नाही म्हणून ठेवावं, हे खरं नाही. नाकाला विचारण्यापेक्षा घड्याळाला विचारावं.

योग्य रीतीने परत गोठवलेलं चिकन कशात वापरावं, यालाही तारतम्य लागतं. त्याचा पोत गेलेला असतो, तर पोतावर अवलंबून असलेला पदार्थ करू नये. तंदुरी, कबाब, तव्यावर भाजलेली छाती यांत ते कोरडं पडतं. खिमा, समोशाचं सारण, कटलेट, हलीम, शोरबा यांत मांस तसंही तुटून मिसळतं आणि सुटलेलं पाणी रश्शातच राहतं. तिथे खाणाऱ्याला फरक कळत नाही. दही आणि मीठ लावून तासभर फ्रीजमध्ये मुरवलं, तर थोडं पाणी धरूनही राहतं. पण मसाला लावल्याने जंतूंचा हिशेब बदलत नाही. दही, लिंबू, हळद लावलेलं चिकनही ओट्यावर तेवढाच वेळ ठेवायचं, जेवढा साधं.

वीज गेली तर? आपल्याकडे उन्हाळ्यात हा प्रश्न येतोच. दार उघडलं नाही, तर गच्च भरलेला मोठा फ्रीझर साधारण दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस थंडी धरून ठेवतो. मात्र एक दाराच्या फ्रीजमधला वरचा छोटा कप्पा एवढा टिकत नाही. वीज आल्यावर पिशवी चाचपून पाहावी. आत बर्फाचे खडे लागत असतील किंवा चिकन फ्रीजइतकं थंड असेल, तर ते तसंच परत गोठू द्यायला हरकत नाही. पूर्ण मऊ आणि कोमट असेल, तर नाही. गावाला जाऊन आल्यावर मागे काय घडलं हे कळायला एक जुनी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणं ठेवायचं. परत आल्यावर नाणं वरच असेल, तर बर्फ वितळला नाही. नाणं तळाशी जाऊन बसलं असेल, तर सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. पिशव्या कडक दिसल्या तरी मग विश्वास ठेवू नये.

एक दाराच्या फ्रीजबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्यात बर्फ साचला की काढण्यासाठी डीफ्रॉस्टचं बटण असतं. ते दाबून आपण झोपतो आणि कप्प्यातलं चिकन रात्रभर वितळतं. सकाळी फ्रीज आपोआप सुरू झालेला असतो आणि पिशवी पुन्हा कडक. कुणाच्या लक्षातही येत नाही की ते एकदा वितळून गोठलं. बटण दाबण्याआधी चिकन शिजवून संपवावं, हे बरं. आणि आपला कप्पा पुरेसा थंड आहे का, हे पाहायचं असेल, तर त्यात आईस्क्रीम ठेवावं. ते घट्ट राहत नसेल, तर तो कप्पा महिनाभराच्या साठवणुकीचा नाही. तिथे आठवड्याचंच चिकन ठेवावं.

त्या संध्याकाळनंतर आमच्या घरी पद्धत बदलली. चिकन आणलं की आधी ते काही तास फ्रीजमध्ये ठेवतो. ताज्या कापलेल्या कोंबडीचं मांस सुरुवातीला ताठरतं, आणि त्या अवस्थेतच गोठवलं तर नंतर चिवट लागतं. मग त्याचे अर्ध्या-अर्ध्या किलोचे भाग करतो, एका वेळेच्या कालवणाला पुरतील एवढे. प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, दोन बोटं जाडीचा चपटा करतो आणि वर तारीख लिहून फ्रीझरमध्ये आडवा ठेवतो. चपटी पिशवी लवकर गोठते, म्हणून स्फटिक लहान राहतात. बर्फही लवकर सुटतो. सहरीनंतर खालच्या कप्प्यात ठेवली, की दुपारपर्यंत बरीचशी सुटते. पिशवी नेहमी खोलगट भांड्यात आणि सगळ्यात खाली ठेवायची, कारण वरच्या कप्प्यातून गळलेलं गुलाबी पाणी खालच्या कापलेल्या पपईवर पडलं, तर पपई कुणी शिजवून खात नाही.

आणि कधी काढायचं विसरलंच, तर बर्फासकट शिजवता येतं. हे ऐकून अम्मींनाही आश्चर्य वाटलं. चपटी पिशवी उघडून गोळा थेट पातेल्यातल्या रश्शात सोडायचा. झाकण ठेवून मोठ्या आचेवर शिजवायचा आणि तुकडे सुटे झाले की ढवळायचे. नेहमीपेक्षा सुमारे दीडपट वेळ लागतो. जाड तुकडा फोडून हाडाजवळ कच्चं राहिलं नाही ना, ते पाहायचं. तळण्याला किंवा भाजण्याला ही रीत चालत नाही, वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. पण कालवणाला चालते. बर्फ सोडवण्याची गरजच संपली, की उरलेलं परत ठेवायचं का हा प्रश्नही राहत नाही.

त्या रात्री ते दोन किलो चिकन आम्ही फेकलं. भाभींनी पिशवी दुहेरी बांधून कचऱ्यात टाकली, परात साबणाने घासली आणि ओटा दोनदा पुसला. त्यांचा चेहरा उतरला होता. अम्मी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उद्या शेजारी ताट पाठवायचंय. त्या घरात बाळंतीण आहे." एवढंच. दुसऱ्या दिवशी भाभींनी स्वतः बाजारातून दीड किलो आणलं, तीन पिशव्या केल्या आणि जाड पेनाने प्रत्येकीवर तारीख लिहिली. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: 'ओट्यावर ठेवू नये.'